साडेपाचची पाटी: देवपुरातल्या एका डेअरीने शिळ्या होत चाललेल्या मालाचं काय केलं

धुळ्यात पांझरेपलीकडच्या देवपुरात कॉलेजं बरीच, त्यामुळे होस्टेलं, खोल्या भाड्याने घेऊन राहणारी पोरं आणि त्यांच्या मेस हेही बरंच. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी ही डेअरी आहे. दुकानाचं नाव देत नाही, मालकाला सगळे अण्णा म्हणतात, तेच इथेही चालेल. अण्णा, काकू, त्यांची सून आणि एक मदतनीस पोरगा एवढी माणसं. पिशवीतलं दूध, दही, ताक, सुटं पनीर, सणासुदीला श्रीखंड, आणि जोडीला ब्रेड-बटर. काचेच्या दाराचा एक उभा फ्रीज आणि एक डीप फ्रीजर.

तक्रार साधी होती. गिऱ्हाईक भरपूर, गल्ला बरा, पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही. मी त्यांच्या हिशोबाची वही बघतो. वहीत खरेदी होती, विक्री होती, फेकलेला माल कुठेच नव्हता. म्हणून आधी एक कोरी वही फ्रीजला दोरीने बांधली. फेकलं की लिहायचं: काय, किती, कधी आलेलं. स्वस्तात काढलं तर तेही त्याच वहीत.

वहीतलं मोठं नाव निघालं पनीर, त्यामागे दही. दूध त्या मानाने कमी, पण दुधाचा हिशोब फार कडक असतो. लिटरमागे अण्णांना साधारण अडीच रुपये सुटतात आणि खरेदी साडेसत्तावन्नची. म्हणजे एक लिटर दूध गटारात गेलं की २३ लिटर दुधाची कमाई त्याच्याबरोबर गेली. दुधात सवलत देऊन माल काढण्याला जागाच नाही. तिथे इलाज एकच, आदल्या संध्याकाळी ऑर्डर नीट द्यायची. तरीही उरलंच तर त्याची सोय पुढे सांगतो.

पनीर कुठे अडतं

पनीर रोज सकाळी सहा किलो यायचं, वार कोणताही असो. खरेदी ३०० रुपये किलो, विक्री ३८०. आठवड्याची खरेदी ४२ किलो. पूर्ण भावात जायचं ३८ किलोच्या आसपास. उरलेल्या चारपैकी दीड किलो रात्री उशिरा अर्ध्या भावात, म्हणजे १९० ने, आणि अडीच किलो कचऱ्यात. पूर्ण भावाच्या विक्रीतून ३,०४० रुपये सुटायचे. अर्ध्या भावाच्या मालात १६५ आणि फेकलेल्यात ७५० असे ९१५ रुपये त्यातून वजा. पनीरच्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा या चार किलोंनी खाल्ला होता.

चार किलो उरतंच का, हे दुकानात उभं राहिलं की दिसतं. बाई येते आणि म्हणते, "अण्णा, ताजं काप बरं, कालनं नको." पोरगा गिऱ्हाईक मोडू नये म्हणून आजची लादी काढतो. कालची लादी पाण्यात तशीच. उद्या ती परवाची होते. जुना माल आधी विकायचा हे अण्णांना चांगलं ठाऊक होतं, पण जुना आणि नवा एकाच भावाला शेजारी शेजारी ठेवले तर माणूस नवाच उचलणार. त्यात गिऱ्हाइकाची चूक काही नाही.

सुटं पनीर चांगल्या फ्रीजमध्ये, दहा अंशांच्या आत, साधारण सहा दिवस नासत नाही, पण त्याचा ताजेपणा तिसऱ्या दिवसापर्यंतच टिकतो. हे झालं कागदावर. खान्देशातल्या उन्हाळ्यात, दर दोन मिनिटांनी दार उघडणाऱ्या फ्रीजमध्ये आणि मध्येच जाणाऱ्या विजेत सहा दिवसांवर भरवसा ठेवणं वेडेपणा आहे. अण्णांची स्वतःची मर्यादा आलेला दिवस आणि पुढचे दोन, एवढीच होती. ती बरोबर होती, म्हणून तिला हात लावला नाही.

चुकत होती ती सवलतीची वेळ. तिसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता पोरगा ओरडायचा, "पनीर अर्ध्या भावात!" नऊला देवपुरातल्या घरांत ताटं वाढलेली असतात. त्या वेळी पनीर घेणारा माणूस उद्यासाठी घेतो, आणि उद्यासाठी घ्यायचं तर तिसऱ्या दिवसाचं पनीर कोण घेईल? म्हणून अर्धा भाव लावूनही चारातलं दीडच किलो जायचं. संध्याकाळी कोणती भाजी करायची हे साडेपाच ते सातच्या दरम्यान ठरतं, पोरांना क्लासला सोडून परत येताना किंवा भाजीवाल्यापाशी. सवलतीची पाटी तेव्हा दिसायला हवी.

दहा रुपयांचा हिशोब

ठरलं असं. आलेल्या दिवशी पूर्ण भाव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला जुनी लादी उरली असेल तर ती वेगळ्या ट्रेमध्ये, वेगळ्या पाटीसह: "कालचं पनीर, ३४०." ताजं शेजारीच ३८० ला. काकूंचा याला विरोध होता. त्यांचं म्हणणं, 'कालचं' असं लिहिलं तर दुकानाची अब्रू जाते. माझं मत उलट होतं. गिऱ्हाईक तसंही 'कालचं आहे का' विचारतंच आणि तेव्हा पोरगा गुळमुळीत उत्तर देतो, त्याने जास्त अब्रू जाते. सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खावी याची तारीख लावायची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून आहे, त्यामुळे मिठाईच्या दुकानात लोक ट्रेवरची तारीख वाचायला सरावलेत. पनीरच्या ट्रेवर तारीख आली म्हणून कोणी दचकलं नाही.

३४० च का, ३६० का नाही? लोक पनीर पावशेर घेतात. ३८० ला पावशेर ९५ ला पडतं, ३६० ला ९०. पाच रुपयांसाठी कोणी कालचं घेत नाही. ३४० ला पावशेर ८५, म्हणजे दहाची नोट वाचते. ती डोळ्यांत भरते. आणि ३४० ला विकूनही किलोमागे ४० रुपये सुटतातच.

अण्णांची शंका रास्त होती: जो ३८० देणारच होता तोही ३४० ला घेऊन जाईल. जाईल, नक्कीच जाईल. पण किती गेला तर चालेल, हे काढता येतं. जो किलो कचऱ्यात जाणार होता तो विकला तर ३४० रुपये हातात येतात, कारण त्याची खरेदी आधीच होऊन गेलेली आहे. जो किलो पूर्ण भावात गेला असता तो सवलतीत गेला तर ४० रुपये बुडतात. म्हणजे सवलतीच्या नऊ किलोंपैकी आठ किलो नेहमीच्याच गिऱ्हाइकांनी नेले तरी ३२० बुडाले आणि ३४० वाचले. नवातला एक किलो कचऱ्यातून वाचला की पाटी आपला खर्च काढते. आता तोच हिशोब अर्ध्या भावाला लावा. वाचलेला किलो १९० देतो आणि वळलेला किलो १९० नेतो. तिथे दोनातला एक किलो खरोखर कचऱ्यातून वाचलेला असावा लागतो, तेव्हा कुठे बरोबरी होते. लवकर दिलेली छोटी सवलत उशिराच्या मोठ्या सवलतीपेक्षा स्वस्त पडते ती या कारणाने.

याच्या जोडीला ऑर्डरही बदलली. सोमवार ते शुक्रवार पाच किलो, शनिवारी सहा, रविवारी नऊ. एकूण ४० किलो. रविवारी दुपारनंतर पनीर संपायचं, आणि सोमवारी उरायचं, हे वहीत लिहिलं नव्हतं तोवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मेस आणि गाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी जे उरेल ते घरगुती गिऱ्हाइकाला विकायचं नाही, असं ठरलं. ते जाईल जिथे लगेच शिजतं तिथे. गल्लीतच साठेक पोरांची मेस चालवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याशी बोलणं झालं ते असं: अण्णा सकाळी आठला फोन करून किती उरलंय ते सांगणार, ताई साडेआठपर्यंत माणूस पाठवून नेणार, दुपारच्या मिक्स भाजीत किंवा पुलावात घालणार. भाव २८०. दोन किलोंच्या वर नाही. पैसे नेतानाच, फोनवरून. कधी आलेलं पनीर आहे हे पिशवीवर लिहून द्यायचं, कारण उद्या पोरांचं पोट बिघडलं तर लोक आधी ताईंकडे बोट दाखवणार.

किलोमागे २० रुपयांचा तोटा आहे यात. पण कचऱ्यात ३०० चा असतो. मेसला नको असेल त्या दिवशी तोच माल संध्याकाळी साडेचारला पनीर चिलीच्या गाडीवाल्याकडे, त्याच भावाने. तो अर्धा किलो घेतो, फार तर एक. चौकातल्या दोन गाड्यांपैकी अण्णांनी एकच धरली. दोघांना फोन केला तर दोघं भाव पाडतात, हा त्यांचा अनुभव.

घडी बसल्यावरच्या एका आठवड्याचे आकडे असे: ४० किलो खरेदी, ३६ किलो पूर्ण भावात, तीन किलो पाटीवर, एक किलो मेसला. २,८८० अधिक १२० वजा २०, म्हणजे २,९८०. आधी उरायचे २,१२५. पूर्ण भावाची विक्री दोन किलोंनी घटली हे खरं, ते दोन किलो पाटीकडे वळले. तरी आठवड्याला ८५५ रुपये जास्त.

दही: जुनं झालं म्हणून वाईट नाही

दह्याचं गणित पनीरसारखं नाही. पनीर जुनं झालं की सगळ्यांसाठीच कमी प्रतीचं होतं. दही जुनं झालं की आंबट होतं, आणि आंबट दही काही लोकांना मुद्दाम हवं असतं. किलोच्या पिशवीची छापील किंमत ७५, खरेदी ६९. आठवड्याला सहाएक पिशव्या तारीख उलटून जायच्या, म्हणजे ४१४ रुपये. साखर घालून दही खाणाऱ्या घराला शेवटच्या तीन दिवसांतली पिशवी चालत नाही, ती बाई दुसऱ्या दिवशी पिशवी परत घेऊन येते आणि वाद होतो. पण खिचडी-कढीवाल्या घराला तीच पिशवी लागते. गोड दह्याच्या कढीत लिंबू पिळणारे लोक आहेत.

म्हणून तारखेला तीन दिवस उरले की ती पिशवी खालच्या फळीवर, आणि फळीला पाटी: "कढीसाठी, आंबट, ७०." पाच रुपयांची सूट मला तिथे नकोच होती, नुसत्या पाटीनेही माल गेला असता असं मला अजून वाटतं. अण्णा म्हणाले, सूट नसली तर लोकांना वाटेल आंबट दही गळ्यात मारतोय. असो. मेसमध्ये शनिवारी रात्री खिचडी-कढीच असते, तिथे पाच पिशव्यांपर्यंत ६५ ने जातात. आता आठवड्याला एखादी पिशवी फेकावी लागते, कधी तीही नाही.

छापील किमतीपेक्षा कमी भावात विकायला कायद्याची आडकाठी नाही, जास्त घ्यायला आहे. तारीख मात्र हलत नाही. पिशवीवर 'या तारखेपर्यंत वापरा' म्हणून जी तारीख असते ती उलटली की माल विक्रीचा राहिलाच नाही, मग भाव काहीही असो आणि गिऱ्हाईक घरचं असो की मेसचं. तारखेवर चिकटपट्टी लावणं, पिशवी फोडून दही सुटं विकणं किंवा तारीख गेलेल्या दुधाचं दुकानात पनीर पाडणं, या तिन्ही युक्त्या धुळ्यात ऐकायला मिळतात. तिन्ही गुन्हे आहेत, आणि शेवटची तर मूर्खपणाचीही, कारण आंबायला लागलेल्या दुधाचं पनीर भुसभुशीत होतं आणि वास सोडतं. उलटलेल्या तारखेचा माल अण्णा आता फ्रीजबाहेर वेगळ्या क्रेटमध्ये टाकतात, 'विक्रीसाठी नाही' लिहून, म्हणजे गडबडीत पोरगा तो उचलणार नाही.

दुधाची सोय चहावाल्याकडे लागली. आजची तारीख असलेल्या पिशव्या सकाळी उरल्या तर सातच्या आत टपरीवर, खरेदीच्या भावात. सातच्या आतच, कारण टपरीचं दूध निम्म्याहून जास्त सकाळच्या गर्दीत खपतं. दहाला पोचवलं तर चहावाला म्हणतो, आता संध्याकाळी बघू, आणि संध्याकाळपर्यंत ते त्याच्या फ्रीज नसलेल्या टपरीत नासतं. देण्याआधी अण्णा एका पिशवीतलं पळीभर दूध गॅसवर उकळून बघतात. फाटलं तर त्या खेपेच्या सगळ्या पिशव्या बाजूला.

बिघडलं ते

पहिलं दुखणं सुनेच्या मोबाईलमधून आलं. तिने उत्साहाने स्टेटस ठेवलं, "आज पनीर स्वस्त." दोनशे घरांना कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पनीर घेणाऱ्या बायका आल्याच नाहीत, साडेपाचला आल्या, आणि ट्रेमध्ये काही नव्हतं तर ताज्याला तोच भाव मागायला लागल्या. पाटीचा फायदा इतकाच आहे की ती दुकानात आलेल्याला दिसते. घरी बसलेल्याला ती दाखवली की तो थांबायला शिकतो. स्टेटस बंद झालं. ट्रेमध्ये माल नसेल त्या दिवशी पाटी आत जाते, 'उद्या मिळेल का' याला उत्तर एकच, "उरलं तर."

दुसरं दुखणं जास्त खोल होतं आणि ते वहीतच सापडलं. मेसकडे जाणारं पनीर आठवड्याला एक किलो होतं ते तीन झालं, मग पाच. अण्णा खूश, माल फुकट जात नाही म्हणून. पण पूर्ण भावाची विक्री तेवढीच होती. मग हे पाच किलो आले कुठून? ऑर्डरमधून. ताई म्हणायच्या, "अण्णा, उद्या दोन किलो शे ना?" आणि अण्णांना नाही म्हणवत नव्हतं, म्हणून ते सकाळच्या ऑर्डरमध्ये दोन किलो वाढवून ठेवायचे. ३०० ला आणून २८० ला विकायचं, तेही मुद्दाम. उरलेल्या मालाची वाट होती तिची नियमित विक्री झाली, तीही तोट्याची. यावर तोडगा दोन भावांचा निघाला: आदल्या दिवशी सांगितलेला ताजा माल ३३० ने, उरलेला २८० ने, आणि उरलेला किती ते अण्णा सांगणार, ताई मागणार नाहीत. ताई आधी रुसल्या, मग रविवारच्या जेवणासाठी त्याच ३३० ने तीन किलो नेऊ लागल्या. मेसचा उरलेला माल आठवड्याला दोन किलोंच्या वर गेला की ऑर्डर जास्त होतेय असं समजायचं, ही खूण वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे.

तिसरी गोष्ट बिघाडाची नाही, ऋतूची. एप्रिल सरता सरता परीक्षा संपतात आणि होस्टेलं ओस पडतात. साठ पोरांची मेस पंधरावर येते किंवा बंदच होते. म्हणजे ज्या महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पनीर सगळ्यांत लवकर नासतं, त्याच महिन्यात त्याची हक्काची वाट बंद. लग्नसराईतले आचारी याची जागा घेतील असं अण्णांना वाटलं होतं. पण आचाऱ्याला मठ्ठ्यासाठी ५० किलो दही एका दिवशी, आठ दिवस आधी सांगून लागतं. तुमच्या फळीवर उरलेल्या चार पिशव्या त्याच्या कामाच्या नाहीत. मे महिन्यात फक्त गाडी उरते, ती फार तर एक किलो घेते. त्यामुळे मेची पनीरची ऑर्डर एप्रिलच्या पाऊणपट, आणि रविवारी दुपारी माल संपला तर संपू द्यायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी वितरक श्रीखंडाचे खोके गळ्यात घालतो, तेव्हाही हाच हात आखडता. श्रीखंड टिकतं, पण ते फ्रीजची जागा अडवतं, आणि मग दह्याच्या पिशव्या दारात येतात, जिथे सगळ्यांत जास्त गरम असतं.

राहिली वीज. मे महिन्यात एका दुपारी चार तास वीज नव्हती. पनीरची तारीख, पाटी, फोन सगळं नियमात होतं, तरी माल संशयाचा झाला होता. फ्रीजमध्ये आता तापमापी टांगलेला आहे. तो दहाच्या वर दोन तास राहिला की त्या दिवसापुरती जुनी लादी कोणालाच द्यायची नाही, मेसलाही नाही, गाडीलाही नाही. पनीर हाताला बुळबुळीत लागतं का, पाणी गढूळ झालंय का, दह्याची पिशवी फुगलीय का, हे बघायचंच, पण नाकाने आणि हाताने पास झालेला मालही त्या दिवशी थांबतो, कारण तापलेलं पनीर दुपारी ठीक वाटून रात्री वास मारतं. असा माल वहीत वेगळ्या खुणेने लिहितात, 'वीज'. त्याचा ऑर्डरशी संबंध नाही, आणि तो इतर फेकलेल्यात मिसळला तर अण्णा विनाकारण पुढच्या आठवड्याची ऑर्डर कापतात. त्या रकान्याची बेरीज इन्व्हर्टरच्या हप्त्याएवढी झाली की इन्व्हर्टर घ्यायचा, असं काकूंनी ठरवलं आहे. अजून तेवढी झालेली नाही.